बदली झाली, पण तुमचं नवं-जुनं अडकता कामा नये: पीक कर्जाच्या खातेदारांना खुलं पत्र

आपल्या शाखेच्या सर्व पीक कर्जदार खातेदारांस, सप्रेम नमस्कार.

माझी बदली झाली आहे. आदेश मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ईमेलवर आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्यमुक्त व्हा, असं त्यात लिहिलं आहे. बँकेच्या नोकरीत बदली ही तक्रारीची गोष्ट नाही. एका शाखेत तीन वर्षं झाली की माणसाने बॅग भरून ठेवावी, हे आम्ही पहिल्या दिवसापासून धरून चालतो. निरोपाचा चहा झाला, शाल-नारळ झाला, पलीकडच्या गावच्या सरपंचांनी भाषणही केलं. त्या भाषणात माझं जेवढं कौतुक झालं तेवढं मी काम केलेलं नाही. पण निरोप समारंभात खरं बोलायची पद्धत नाही, म्हणून मीही गप्प बसलो.

हे पत्र मात्र गप्प बसता येत नाही म्हणून लिहितो आहे. ज्या आदेशाने मला हलवलं त्याच आदेशात आपल्या शाखेचे कृषी अधिकारीही हलले. त्यांच्या जागी अजून कोणाचं नाव नाही. माझ्या जागी येणारे साहेब रजेवर आहेत, आल्यावर रुजू होतील, तोवर शेजारच्या शाखेचे अधिकारी आठवड्यातून दोन दिवस येऊन कारभार पाहतील. म्हणजे पैनगंगेच्या काठच्या या सगळ्या गावांत पेरणीची घाई चालू असताना पीक कर्जाच्या फायलीवर मंजुरीची सही करणारं माणूस शाखेत रोज असणार नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांना पेरणी कधी असते हे माहीत नाही, असं मी म्हणणार नाही. माहीत आहे. त्यांच्या तक्त्यात तो रकाना नाही, एवढंच.

बँकेचं नाव मी लिहीत नाही, शाखेचंही नाही. नोकरीचे नियम आहेत, आणि तसंही हे एका बँकेपुरतं नाही. तुम्हाला शाखा कोणती ते ठाऊक आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुमच्यातले बहुतेक जण बँकेत वर्षातून एकदाच मोठ्या कामाला येतात, ते नवं-जुनं करायला. जुनं कर्ज व्याजासकट भरायचं आणि नवं उचलायचं. कागदावर हे फार साधं आहे. तुमचं किसान क्रेडिट कार्डाचं खातं पाच वर्षांसाठी मंजूर असतं. दरवर्षी फक्त आढावा घ्यायचा असतो, नव्याने कर्ज मंजूर करायचं नसतं. पैसे भरले की त्याच खात्यातून पुन्हा काढता यायला हवेत. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला सात टक्के व्याज आहे. उचल केल्यापासून वर्षाच्या आत भरलं तर केंद्र सरकार तीन टक्के परत देतं, म्हणजे व्याज चार टक्क्यांवर येतं. शिवाय ३० जूनच्या आत भरणाऱ्यांसाठी राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, ती त्यातला आणखी भार उचलते. मुदतीत भरणाऱ्या शेतकऱ्याला हे कर्ज जवळजवळ फुकट पडावं, असा सरकारचा हिशोब आहे.

तो हिशोब आपल्या शाखेच्या दारात कसा मोडतो, ते एका खात्यावरून सांगतो. नाव सांगणार नाही, कारण असे घरटी आहेत.

एक काका आहेत, दोन हेक्टर सोयाबीनवाले. हिशोब सोपा व्हावा म्हणून हेक्टरी कर्जदर ६०,००० रुपये धरू. (हा दर पीकनिहाय, दरवर्षी जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते, शाखा नाही.) दोन हेक्टरचे झाले १,२०,०००. त्यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी दहा टक्के, म्हणजे १२,०००. शेतीची अवजारं, मोटार, पाइप यांच्या दुरुस्तीसाठी वीस टक्के, म्हणजे २४,०००. एकूण मर्यादा १,५६,०००. विम्याचा हप्ता बाजूला ठेवू. काकांनी मागच्या जूनमध्ये १,५०,००० उचलले. या जूनमध्ये वर्ष भरतं. सात टक्क्यांनी व्याज झालं १०,५००. भरायचे १,६०,५००.

काकांकडे जूनमध्ये एवढे पैसे कुठून असणार? सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकलं गेलं, त्यातून कृषी केंद्राची उधारी गेली, पोरीच्या कॉलेजची फी गेली, उरलं ते घरात संपलं. मग काका बँकेसमोरच्या टपरीवर जातात. तिथे मोटारसायकलच्या सीटवर बसलेला एक गृहस्थ असतो, तुम्ही सगळे त्याला ओळखता. त्याच्या गळ्यातल्या पिशवीत रोख असते. तो १,६०,५०० मोजून देतो, शेकडा तीन रुपये घेणार म्हणून सांगतो, आणि त्याच जागी काकांचं पासबुक आणि सही केलेली पैसे काढायची कोरी स्लिप ठेवून घेतो. काका आत येऊन पैसे भरतात. तो बाहेर थांबतो. लिमिट पुन्हा चालू झालं की स्लिपवर आकडा तो टाकतो, काउंटरवर काकांना पुढे उभं करतो आणि नोटा आपल्या पिशवीत घालतो.

शेकडा तीनने त्याचे झाले ४,८१५ रुपये. आता वर पाहा: वेळेत भरल्याबद्दल सरकार तीन टक्के परत देतं, ते १,५०,००० वर होतात ४,५००. म्हणजे शेतकऱ्याने वेळेवर भरावं म्हणून दिल्लीहून निघालेलं बक्षीस पूर्णच्या पूर्ण टपरीवरच्या पिशवीत जातं, वर काकांच्या खिशातले तीनशे पंधरा रुपये घेऊन. आणि ही शेकडा तीन एका दिवसाची गोष्ट आहे. लिमिट त्या दिवशी उघडलं नाही, चार दिवस गेले, आठ गेले, की हा दर वाढत जातो.

पुढचं ऐका. मंजुरीच्या कागदातच लिहिलेलं असतं की दर वर्षी मर्यादा दहा टक्क्यांनी वाढेल. म्हणजे दुसऱ्या वर्षी काकांचं लिमिट १,७१,६०० व्हायला हवं. ते झालं, तर पिशवीवाल्याचे १,६५,३१५ देऊन काकांच्या हातात पेरणीसाठी उरतात ६,२८५ रुपये. दोन बॅगा बियाणं आणि थोडंफार खत. आणि ते वाढवलं नाही, १,५६,००० च ठेवलं, तर काकांना पदरचे ९,३१५ रुपये घालावे लागतात. पीक कर्ज या नावाने दीड लाखाचा व्यवहार झाला, सरकारी आकडेवारीत दीड लाखाचं वाटप दिसलं, आणि पेरणी मात्र पुन्हा कृषी केंद्राच्या उधारीवर.

मी शाखेत असताना हे बंद झालं असं मी म्हणत नाही. पण एक करता आलं. आदल्या दिवशी कागद घ्यायचे, सात-बारा, आठ-अ, आधार, पत अहवाल सगळं तपासून ठेवायचं, कृषी अधिकाऱ्यांनी संगणकात नोंद करून ठेवायची, आणि पैसे भरल्यावर मी फक्त मंजूर करायचं. सकाळी अकराला भरले तर दुपारी तीनपर्यंत काढता आले पाहिजेत. याला नवा कायदा लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही. दोन माणसं लागतात: एक नोंद करणारा आणि एक मंजूर करणारा, कारण बँकेत एकच माणूस दोन्ही करू शकत नाही. त्या दोघांनाही एकाच आदेशात, जूनमध्ये, हलवलं गेलं आहे. माझी पहिली आणि सर्वात मोठी तक्रार ही आहे.

बँकेच्या वरिष्ठांना या पत्रातून माझी मागणी अशी: ग्रामीण शाखांचे व्यवस्थापक आणि कृषी अधिकारी यांच्या बदल्या मार्चअखेरपर्यंत जाहीर करा आणि एप्रिलमध्ये माणसं रुजू करून घ्या. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत या दोघांपैकी कोणालाही हलवू नका, आणि हलवायचंच असेल तर येणारा आल्याशिवाय जाणाऱ्याला सोडू नका. दोघांना एकाच वेळी तर कधीच नाही. माझ्या जागी येणारे साहेब येईपर्यंत निदान एक मंजुरीचा अधिकार असलेला अधिकारी रोज, पूर्णवेळ, या शाखेत बसवा. शहरातल्या एखाद्या शाखेतून दीड महिन्यासाठी एक माणूस काढणं अवघड नाही. मार्चअखेर ठेवींसाठी आणि विम्याच्या मोहिमेसाठी माणसं काढली जातातच.

विमा म्हटल्यावर दुसरी तक्रार. पीक कर्जाच्या वेळी जीवन विम्याची पॉलिसी माथी मारली जाते. शाखेला उद्दिष्ट असतं, आणि समोर बसलेल्या माणसाला पैशाची गरज असते, अशा वेळी “साहेब, हे पण घ्यावं लागतं का?” हा प्रश्न तोंडातून निघत नाही. म्हणून लेखी सांगतो: घ्यावं लागत नाही. कर्जाला जोडून विमा सक्तीने विकणं नियमात बसत नाही. पीक विमासुद्धा खरीप २०२० पासून कर्जदारासाठी ऐच्छिक आहे. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी तसं लिहून द्यावं लागतं, नाहीतर हप्ता आपोआप कापला जातो. मी स्वतः पीक विमा घ्या म्हणेन, तो निर्णय वेगळा. घ्यायचेच असतील तर वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, हे दोन पंतप्रधानांच्या नावाचे विमे घ्या. दोन्हीत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. मेअखेरीस हप्ता खात्यातून जातो, त्या वेळी खात्यात पैसे नसले तर विमा बंद पडतो. घरच्या माणसांना सांगून ठेवा, कारण आमच्याकडे विम्याचे पैसे मागायला फारसं कोणी येत नाही. हप्ता जात होता हेच घरात कोणाला माहीत नसतं.

तिसरी तक्रार होल्डची. पीक कर्ज थकलं की त्याच माणसाच्या, कधी कधी त्याच्या बायकोच्याही बचत खात्यावर होल्ड लागतो, म्हणजे त्यातले पैसे काढता येत नाहीत. पी.एम. किसानचे दोन हजार आले, निराधारचे आले, रोजगार हमीची मजुरी आली, सगळी अडकून पडते. हे पैसे ज्या कामासाठी येतात त्यासाठीच गेले पाहिजेत. सरकारनेही बँकांना तसं वारंवार सांगितलं आहे. आपल्या शाखेत मी असे होल्ड काढले. ते पुन्हा लागू शकतात, कारण काही ठिकाणी ते माणूस लावत नाही, यंत्रणा लावते. लागला तर तोंडी विनंती करू नका. एका कागदावर खाते क्रमांक, कोणत्या योजनेचे पैसे, किती तारखेला आले, एवढं लिहा आणि पोच घ्या. नव्या साहेबांना मी हे लिहून ठेवलं आहे.

आता थोडं तुमच्याशी. वरिष्ठांशी भांडून झालं, म्हणून तुम्ही सुटलात असं नाही.

दिवाळीला सोयाबीन विकल्यावर आलेल्या पैशातले काही खात्यात भरा, असं मी दरवर्षी सांगत आलो आणि बहुतेकांनी मान हलवून ऐकलं नाही. त्याचं कारण मला माहीत आहे. भरलेले पैसे बँक पुन्हा देईल याची तुम्हाला खात्री वाटत नाही. ही भीती हवेतून आलेली नाही, पण तिचं उत्तर नियमात आहे. हे रोख पत खातं आहे. पैसे आले की त्या दिवसापासून तेवढ्यावरचं व्याज थांबतं, लागले की पुन्हा काढायचे. २०१२ साली योजना सुधारली तेव्हा तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की खातं कोणत्याही दिवशी शून्यावर आणायची गरज नाही, फक्त काढलेली कोणतीही रक्कम बारा महिन्यांच्या वर राहू नये.

त्याच काकांचं खातं घेऊ. जूनमध्ये १,५०,००० उचलले. समजा नोव्हेंबरमध्ये त्यांनी ९०,००० भरले. पाच महिन्यांचं व्याज दीड लाखावर ४,३७५, पुढच्या सात महिन्यांचं उरलेल्या ६०,००० वर २,४५०. एकूण ६,८२५. म्हणजे १०,५०० च्या जागी ३,६७५ रुपये कमी. आणि जूनमध्ये टपरीवरून १,६०,५०० नव्हे, फक्त ६६,८२५ आणावे लागतील. त्याचे शेकडा तीनने होतात दोन हजारांच्या आसपास. हरभऱ्याला किंवा दवाखान्याला मध्येच वीस हजार लागले तर काढता येतात, व्याज तेवढंच वाढेल. नव्वद हजार जमत नसतील तर तीस भरा. हिशोब त्याच प्रमाणात तुमच्या बाजूने फिरतो.

एक अडचण मात्र आहे आणि ती मी लपवत नाही. खात्याच्या आढाव्याची तारीख उलटून गेलेली असेल, तर भरलेले पैसे पुन्हा काढता येत नाहीत. संगणक नाही म्हणतो, आणि समोरच्या कारकुनाच्या हातात काही नसतं. म्हणून भरण्याआधी काउंटरवर एकच प्रश्न विचारा: माझ्या खात्याची आढाव्याची तारीख कोणती? ती पासबुकावर पेनने लिहून घ्या. तारीख उलटली असेल तर आधी आढाव्याचे कागद द्या, मग पैसे भरा. टपरीवर अडकणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांची गोष्ट या एका तारखेपाशी येऊन थांबते.

कोऱ्या कागदावर सही करू नका. हे वाक्य बँकेतल्याच माणसाने लिहिलं याचं काहींना नवल वाटेल, पण कोरे फॉर्म भरून घ्यायची सवय आमचीच आहे. कर्जाचा कागद कायद्याच्या दृष्टीने तीन वर्षं जिवंत असतो; त्याच्या आत तुमच्याकडून कर्जकबुलीच्या कागदावर सही घेतली जाते, म्हणजे पुढची तीन वर्षं बँकेचा हक्क राहतो. ही सही मागण्यात गैर काही नाही. पण त्या कागदावर तारीख आणि येणं बाकी रक्कम भरलेली असली पाहिजे. “नंतर भरतो, इथे सही करा” म्हटलं की हसून म्हणा, आत्ता भरा, मी थांबतो. पैसे काढायच्या स्लिपचंही तेच. कोरी स्लिप पिशवीवाल्याला देऊन ठेवणं म्हणजे घराच्या किल्ल्या चोराकडे राखायला देणं आहे.

माफीबद्दल बोलायला नको वाटतं, पण विचारतात सगळेच. २००८ ला माफी झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला दोन लाखांपर्यंतची झाली. पुन्हा होईल की नाही हे मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे असं तो सांगतो त्यालाही नाही. मला माहीत आहे ते असं: वर्षाची मुदत टळली की तीन टक्क्यांची सवलत जाते आणि नेहमीचा, जास्तीचा दर लागतो. सोयाबीन-कापसासारख्या हंगामी पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एन.पी.ए.त, म्हणजे बँकेच्या थकीत खात्यांत, जातं. एकदा तिकडे गेलं की या शाखेतून नवं पीक कर्ज मिळत नाही, आणि दुसऱ्या बँकेत गेलात तर पत अहवालात तेच दिसतं. माफीची वाट पाहणारा माणूस ती येईपर्यंत कोणाच्या पैशावर पेरणी करतो, ते टपरीवर बसून मोजून पाहा.

ज्यांची खाती आधीच फार जुनी थकली आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्या अल्प आणि अत्यल्प भूधारकाच्या अल्पमुदतीच्या कर्जाला एकूण लावलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दामदुप्पट म्हणून आपल्याकडे हे जुनं आहेच. तडजोडीला बोलावलं तर आधी खातेउतारा मागा, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळं लिहून घ्या, आणि व्याजाचा आकडा मुद्दलाच्या वर दिसला तर तिथेच थांबून विचारा.

नव्या मागणीसाठी अर्ज देणाऱ्यांनी पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. कागद पूर्ण असतील तर किसान क्रेडिट कार्डाचा निर्णय १४ दिवसांत व्हायला हवा, असं बँकांना सांगितलेलं आहे. पोच नसेल तर चौदा दिवस कधी सुरू झाले हे कोण ठरवणार? कर्जाचा अर्ज नाकारला तर, रक्कम कितीही असो, त्याचं कारण लेखी मिळण्याचा तुमचा हक्क आहे. “सिबिल खराब आहे” हे तोंडी ऐकून घरी जाऊ नका. कोणत्या कर्जामुळे, किती थकबाकी, हे लेखी मागा. मी पाहिलं आहे, बऱ्याचदा ते मोबाइल घेताना काढलेल्या हप्त्यांचं दीड-दोन हजारांचं थकलेलं येणं असतं. माणूस विसरलेला असतो, कंपनी विसरत नाही. ते भरून भरल्याचा दाखला आणला की अडचण सुटते. आणि दोन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला जमीन गहाण द्यावी लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा एक लाख साठ हजारांवरून दोन लाख झाली आहे. त्याच्या आतल्या कर्जाला कोणी गहाणखताचा खर्च सांगितला, तर कोणत्या नियमाने, हे विचारा.

माझ्या मागण्या पुन्हा एकदा, सुट्या करून सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला शोधाव्या लागणार नाहीत. वरिष्ठ कार्यालयाकडे: जूनमध्ये शाखा रिकामी ठेवू नका, आजच एक पूर्णवेळ अधिकारी पाठवा, मंजुरीत लिहिलेली दहा टक्के वाढ शेतकऱ्याने न मागता द्या, जुलैअखेरपर्यंत या शाखेला विम्याचं उद्दिष्ट देऊ नका. माझ्या जागी येणाऱ्या साहेबांकडे: सकाळी भरलेले पैसे त्याच दिवशी काढता आले पाहिजेत. नवं-जुनं करणाऱ्यांसाठी मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरवून ठेवले आहेत, ते मोडू नका. ज्या गावाची पाळी त्या गावाचे कागद आदल्या दिवशी शाखेत असतात.

तुमच्याकडे मागणी एवढीच की हे दिवस पाळा. पाळी नसताना गर्दी केली की पुन्हा पिशवीवाल्याचंच फावतं. कागद कोणते लागतात त्याची यादी मी शाखेच्या बाहेरच्या फलकावर लावली आहे, मोठ्या अक्षरात, म्हणजे वाचून घ्यायला कोणाला दहा रुपये द्यावे लागणार नाहीत. तिथेच मुदत जूनमध्ये संपणाऱ्या खात्यांची यादीही हवी होती, पण खातेदाराची माहिती अशी उघड्यावर लावता येत नाही. ती यादी गावनिहाय करून बँक मित्रांकडे दिली आहे. आपापल्या गावच्या बँक मित्राला गाठून आपली तारीख विचारा.

काम अडलं तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक, आणि संगणकावर तक्रार करायची असेल तर cms.rbi.org.in. याला वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. तक्रार माझ्या काळातल्या कामाची असेल तर माझंही नाव लिहा, मी उत्तर देईन.

मी नव्या जागी जातो आहे ती शाखा शहरातली आहे; तिथे पीक कर्ज नाही, गृहकर्ज आहे. फोन नंबर तोच राहील. पण फोनवरून मी कोणाचं लिमिट चालू करू शकणार नाही, माझा अधिकार या शाखेपुरता होता आणि तो शनिवारी संध्याकाळी संपतो. पुढचा मंगळवार नदीपलीकडच्या तीन गावांचा आहे. त्या दिवशी मंजुरीची सही करायला शाखेत कोण बसणार, हे मी आजच वरिष्ठ कार्यालयाला लेखी विचारलं आहे. उत्तर आलं की तेही फलकावर लावायला सांगितलं आहे. सोमवारपर्यंत फलक रिकामा दिसला तर तुमच्यापैकी पाच-दहा जणांनी सह्या करून तोच प्रश्न त्यांना विचारावा.

आपला,
शाखा व्यवस्थापक
(शनिवारपर्यंत)